बाळाच्या औषधाची बाटली मागून वाचा: अल्कोहोल, साखर आणि बेंझिल अल्कोहोल यांचा हिशेब

इंदूरच्या रामबागेजवळ आमचं मेडिकल आहे. नवजात बाळाची औषधं घ्यायला येणारे लोक बाटली हातात घेतली की दोनच गोष्टी बघतात, एक्स्पायरी आणि किंमत. दोन्ही बघायलाच हव्यात. पण अडीच किलोच्या बाळासाठी ज्या गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या, त्या बाटलीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत असतात आणि तिकडे कुणाची नजर जात नाही. औषध बरोबर असतं, डोस बरोबर असतो, तरी ज्या द्रवात ते विरघळवलंय तो द्रव त्या बाळाला झेपणारा नसतो.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आणि त्यांची सून पिशवी घेऊन आल्या होत्या. बाळ दिवस भरायच्या महिनाभर आधी झालेलं, तीन आठवड्यांचं, वजन 2.4 किलो. जन्मानंतर झटके आले म्हणून फिनोबार्बिटोनचं सिरप चालू होतं. पिशवीत त्याशिवाय व्हिटॅमिनचे थेंब, कॅल्शियमचं सिरप, ग्राइप वॉटर आणि अरविंदासवाची बाटली. सून म्हणाली, "काकू, बाळ दिवसभर झोपूनच असतं. दुधाला उठवलं तरी दोन घोट घेतं आणि परत झोपतं." त्या पिशवीचं मी जे केलं, तेच खाली क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. लोक मधूनच सुरू करतात आणि चुकतात.

थांबा, आधी हे वाचा: लेख वाचून कुठलंही डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. झटक्यांचं औषध अचानक तोडलं तर झटके परत येऊ शकतात आणि तो धोका अल्कोहोलपेक्षा मोठा आहे. बाळ उठवूनही उठत नसेल, चोखत नसेल, अंग गार लागत असेल किंवा श्वास घेताना अडखळत असेल, तर हिशेब करत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या, नाहीतर 108 ला फोन करा.

## टप्पा 1: बाटल्या, वजन आणि सिरिंज एका जागी आणा

घरात बाळाच्या तोंडात जे जे जातं ते सगळं टेबलावर ठेवा. डॉक्टरांनी लिहिलेलं तेवढंच नाही. ग्राइप वॉटर, जन्मघुट्टी, आसव, शेजारच्या काकूंनी दिलेले पोटदुखीचे थेंब, सगळं. "ते काय, औषध थोडंच आहे?" असं म्हणून बहुतेक घरांत निम्म्या बाटल्या बाजूला राहतात, आणि अल्कोहोल बऱ्याचदा त्याच बाजूला असतं.

खोकं आणि आतला कागद फेकला असेल तर कचऱ्यातून काढा. बाटलीवर जागा कमी असते, खोक्यावर जास्त मजकूर असतो. मोबाईलने लेबलचा फोटो काढून मोठा करून वाचा. गोल बाटली फिरवत वाचताना नेमकी हवी ती ओळ सुटते.

आता एका कागदावर तीन गोष्टी लिहा: बाळाचं आजचं वजन, वय आठवड्यांत (आणि किती आधी झालं ते), आणि प्रत्येक औषध एका वेळी किती मिली आणि दिवसातून किती वेळा देता. जन्माच्या वेळचं वजन चालणार नाही. लहान बाळाचं वजन दोन आठवड्यांत बरंच बदलतं आणि पुढचा सगळा हिशेब वजनावर उभा आहे.

तपासा: डोस मिलीमध्ये लिहिलाय ना? "अर्धा चमचा" असं लिहिलं असेल तर थांबा. घरातल्या चमच्यात 3 मिलीही मावतं आणि 7 मिलीही. सुई नसलेली 1, 2 किंवा 5 मिलीची सिरिंज घ्या आणि नेहमी तितकंच मोजा.

## टप्पा 2: लेबलवर नेमकं कुठे बघायचं

लेबल इंग्रजीत असतं. वर मूळ औषधाचं नाव आणि दर 5 मिलीमध्ये किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. ते वाचून लोक थांबतात. तुम्ही त्याच्या खाली चला.

अल्कोहोलसाठी "अल्कोहोल", "इथेनॉल", "इथाइल अल्कोहोल" किंवा "ॲब्सोल्यूट अल्कोहोल" हे शब्द आणि त्यापुढची टक्केवारी शोधा. आसव-अरिष्टांवर "सेल्फ जनरेटेड अल्कोहोल" असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते वरून घातलेलं नाही, आंबवताना आपोआप तयार झालं. बाळाच्या यकृताला मात्र याने काही फरक पडत नाही. रेणू तोच आहे.

आता लोकांना माहीत नसलेली गोष्ट. आपल्या औषध नियमांनुसार अल्कोहोल आकारमानाने 3 टक्के किंवा जास्त असेल तेव्हाच त्याची टक्केवारी लेबलवर देणं बंधनकारक आहे. त्यामुळे लेबलवर अल्कोहोलचा शब्द नाही याचा अर्थ बाटलीत अल्कोहोल नाही असा होत नाही. 3 टक्क्यांपेक्षा कमी असू शकतं. मोठ्या माणसाला ते काहीच नाही. अडीच किलोच्या बाळाला रोज तीन बाटल्यांमधून मिळालं तर ते मोजावं लागतं.

साखरेचं नाव बहुतेक वेळा सापडतच नाही. तिथे "फ्लेवर्ड सिरपी बेस" किंवा "एक्सिपिएंट्स क्यू.एस." एवढंच असतं. क्यू.एस. म्हणजे लागेल तेवढं. किती, ते लिहिलेलं नाही. "सिरपी बेस" दिसलं की दाट साखरेचा पाक आहे असं धरून चाला.

बेंझिल अल्कोहोल हे पूर्ण नाव असंच छापलेलं असतं, कधी "प्रिझर्व्हेटिव्ह" या शब्दापुढे. ते दारूचं अल्कोहोल नाही. नावात अल्कोहोल आहे म्हणून दोघांचा हिशेब एकत्र करू नका. त्याचा धोका वेगळा आहे, पाचव्या टप्प्यात लिहिते.

नेहमीची चूक: "शुगर फ्री" वाचून निश्चिंत होणं. साखरेच्या जागी बहुतेक वेळा सॉर्बिटॉल असतं, आणि जास्त सॉर्बिटॉलने लहान बाळाला पातळ जुलाब होतात.

## टप्पा 3: अल्कोहोलचा हिशेब

हा हिशेब मी त्या सुनेसमोर बिलाच्या मागे केला होता, तसाच इथे करते.

तिच्या सिरपच्या खोक्यावर अल्कोहोल 10 टक्के लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला 12 मिलिग्रॅम फिनोबार्बिटोन दिलं होतं, म्हणजे किलोला 5 मिलिग्रॅम. हा अगदी रीतसर डोस आहे. 5 मिलीमध्ये 20 मिलिग्रॅम औषध असल्यामुळे बाळाला दिवसातून एकदाच 3 मिली द्यायचं होतं.

पहिली पायरी, 3 मिलीचे 10 टक्के काढा. 0.3 मिली शुद्ध अल्कोहोल आलं. दुसरी पायरी, मिलीचं वजनात रूपांतर करा. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, 1 मिली म्हणजे 0.79 ग्रॅम. त्यामुळे 0.3 ला 0.79 ने गुणलं की 0.237 ग्रॅम, म्हणजे 237 मिलिग्रॅम. तिसरी पायरी, वजनाने भागा. 237 भागिले 2.4 म्हणजे किलोला साधारण 99 मिलिग्रॅम.

हा आकडा ऐकून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी तो मोठ्या माणसावर लावून दाखवते. 70 किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात द्यायचं तर जवळपास 7 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल लागेल, म्हणजे साधारण 20 ते 22 मिली व्हिस्की. आजींचा हात तिथेच तोंडावर गेला.

तुलनेला युरोपच्या औषध नियामक संस्थेचे आकडे धरा. एका डोसमध्ये किलोला 75 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल असेल तर मुलांवर परिणाम होण्याची शक्यता आहे, झोप आणि वागण्यातला बदल दिसू शकतो, असा इशारा तिथे पत्रकात द्यावा लागतो. 15 ते 75 च्या मधल्या पट्ट्यातही लहान मुलांना गुंगी येऊ शकते असं लिहितात. हे आकडे इशारा देण्यासाठीचे आहेत. 74 म्हणजे सुरक्षित आणि 76 म्हणजे विष, असं त्यांचं वाचन करू नका.

नवजात बाळाला हे जड का जातं, तेही समजून घ्या. अल्कोहोल तोडणारं यकृतातलं एन्झाइम जन्मावेळी फार कमी काम करतं, त्यामुळे अल्कोहोल रक्तात जास्त वेळ राहतं. दुसरं, यकृत रक्तातली साखर तयार करून भरून काढतं, त्या कामात अल्कोहोल अडथळा आणतं. आधी झालेल्या बाळाच्या यकृतात साठा मुळातच थोडा असतो, आणि बाळ झोपेत राहून दूध कमी प्यायलं तर साखर खाली जाते. शिवाय या बाळाच्या औषधानेही गुंगी येते. गुंगीवर गुंगी. बाळ झोपाळू का, याचं पक्कं उत्तर दुकानात बसून मला देता येणार नव्हतं. फिनोबार्बिटोनचा डोस जास्त झाला तरी असंच होतं, जंतुसंसर्ग झाला तरी असंच होतं. म्हणूनच हिशेबाचा कागद घेऊन त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणं भाग होतं.

आता पिशवीतली दुसरी बाटली. आजी अरविंदासव 2.5 मिली, तेवढ्याच पाण्यात मिसळून संध्याकाळी देत होत्या. त्या बाटलीवर अल्कोहोल 8 टक्के होतं. 2.5 चे 8 टक्के म्हणजे 0.2 मिली, म्हणजे 158 मिलिग्रॅम, किलोला 66. दोन्ही मिळून दिवसाला किलोला 165 मिलिग्रॅम. एका बाटलीचा हिशेब करून जो थांबतो, त्याला हा आकडा कधी दिसत नाही.

नेहमीची चूक: "पाण्यात मिसळलं, म्हणजे अल्कोहोल कमी झालं." टक्केवारी कमी झाली, बाळाच्या पोटात गेलेलं अल्कोहोल तेवढंच राहिलं. एक थेंबही कमी झाला नाही.

तपासा: तुमच्या हिशेबात टक्केवारी औषधाच्या मिलिग्रॅमवर नाही, तर दिलेल्या मिलीवर लावली आहे ना? घाईत बहुतेक जण इथेच घसरतात. 12 मिलिग्रॅमचे 10 टक्के काढून "हे तर काहीच नाही" असं म्हणतात.

## टप्पा 4: साखर

साध्या फार्मसी सिरपमध्ये वजनाने 66.7 टक्के साखर असते. म्हणजे 5 मिली सिरपमध्ये 4 ग्रॅमच्या वर साखर जाते, चहाच्या कपात घालतो त्या चमचाभर साखरेएवढी. पूर्ण दिवसांच्या, धष्टपुष्ट बाळाला 1 मिली सिरपमधली साखर सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो वेळेआधी झालेल्या बाळाला.

कारण दाटपणा. आईच्या दुधात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ज्याला ऑस्मोलॅलिटी म्हणतात, ते 300 च्या आसपास असतं. अनेक सिरपांचं ते हजारांत असतं. असा दाट पाक रिकाम्या, कच्च्या आतड्यात गेला की तो आतड्यातून पाणी ओढतो. पोट फुगतं, जुलाब होतात, आणि अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळात आतड्याच्या गंभीर आजाराची भीती वाढते. म्हणून अशा बाळाला दाट सिरप रिकाम्या पोटी एकदम ओतू नका. पिळून काढलेल्या दुधात मिसळून देता येईल का, किती दुधात, हे डॉक्टरांना विचारा. सगळीच औषधं दुधात चालत नाहीत.

एक विरळा पण विसरू नये असा प्रसंग आहे. काही बाळांना जन्मतःच फ्रुक्टोज पचत नाही. नुसत्या आईच्या दुधावर ती छान असतात. गोड सिरप सुरू झालं की उलट्या, घाम, सुस्ती. साध्या साखरेत फ्रुक्टोज असतं आणि सॉर्बिटॉलचंही शरीरात फ्रुक्टोज होतं. "गोड औषध दिलं की उलटी" असं दोन-तीनदा दिसलं तर ते शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा.

आणि मध. घुट्टी किंवा औषध मधात चाटवणं आपल्या घरांत अजून चालतं. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, उकळूनही नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात बद्धकोष्ठ आणि क्षीण रडण्याने होते.

## टप्पा 5: बेंझिल अल्कोहोल

हे मुख्यतः इंजेक्शनच्या बाटल्यांत असतं, त्यातही एका बाटलीतून अनेकदा काढायच्या मल्टीडोस वायलमध्ये. जंतू वाढू नयेत म्हणून साधारण 0.9 टक्के घालतात. शरीर त्याचं बेंझोइक ॲसिड करतं आणि पुढे ते ग्लायसिनला जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. नवजात बाळाला, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, ही जोडणी नीट जमत नाही. ॲसिड साचतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि बाळ धापा टाकू लागतं. 1982 साली अमेरिकेत हे उघड झालं. सलाईनच्या नळ्या धुवायला वापरलेल्या पाण्यातच ते होतं, आणि दिवसाला किलोला 99 मिलिग्रॅम आणि त्याच्या वर गेलेली बाळं दगावली.

0.9 टक्के म्हणजे मिलीला 9 मिलिग्रॅम. एक किलोच्या बाळाला दिवसभरात 11 मिली अशा पाण्याने नळी धुतली की 99 पूर्ण होतात. नळी दर दोन-तीन तासांनी मिलीभर धुणं ही मोठी गोष्ट नाही, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरच्यांनी काय करायचं? बाळ घरी आल्यावर एखादं इंजेक्शन जवळच्या क्लिनिकमध्ये रोज द्यायचं असेल, तर वायल आणि ती विरघळवायचं पाणी दोन्ही बघायला मागा. "बॅक्टेरिओस्टॅटिक" हा शब्द दिसला तर विचारा, "यात बेंझिल अल्कोहोल आहे का? बाळासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मिळेल का?" साधं निर्जंतुक पाणी सहज मिळतं. चार आठवड्यांच्या आतल्या बाळाला बेंझिल अल्कोहोल असलेलं औषध डॉक्टरांनी गरज पाहून सांगितल्याशिवाय देऊ नये, आणि तीन वर्षांपर्यंत आठवड्याहून जास्त देऊ नये, असा इशारा युरोपमध्ये पत्रकात असतो.

थांबा: हे वाचून जन्माच्या वेळचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन नाकारू नका. समजा त्यात 0.9 टक्के बेंझिल अल्कोहोल आहे आणि अर्धा मिली दिलं. 4.5 मिलिग्रॅम झाले. तीन किलोच्या बाळाला किलोला दीड, तेही एकदाच. आणि इंजेक्शन न दिल्याने मेंदूत होणारा रक्तस्राव खरा आहे.

तोंडावाटेच्या सिरपांत त्याचा भाऊबंद सोडियम बेंझोएट जास्त दिसतो. तो कावीळ झालेल्या नवजात बाळात बिलिरुबिनला त्याच्या जागेवरून हलवू शकतो. बाळ पिवळं असेल तर लेबलवरचं हे नावही डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा 6: डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

"औषधात दारू आहे असं ऐकलं" असं म्हटलं की संभाषण तिथेच बिघडतं. कागद पुढे ठेवा: वजन 2.4 किलो, सिरप 3 मिली, अल्कोहोल 10 टक्के, किलोला 99 मिलिग्रॅम, आणि बाळ दूध कमी पितंय. मग विचारा की हेच औषध अल्कोहोल नसलेल्या दुसऱ्या रूपात देता येईल का. पर्याय असतात: दुसऱ्या बनावटीचं सिरप, जास्त तीव्र थेंब म्हणजे कमी मिली, किंवा गोळी पाण्यात विरघळवून. गोळीचा तुकडा घरी अंदाजाने करू नका.

सगळ्यात घातक चूक इथे होते. सिरपच्या जागी थेंब आले की मिली बदलतात. पॅरासिटामॉलचंच बघा. सिरपमध्ये 5 मिलीला 125 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 25. थेंबांमध्ये मिलीला 100. जुन्या सवयीने तितकेच मिली दिले तर बाळाला चौपट औषध जातं. बाटली बदलली की जुनी बाटली घरातून काढून टाका आणि नवीन बाटलीवर मार्करने मिली लिहा.

## या वाचनाने काय कळणार नाही

2025 साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याला, खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. ती भेसळ होती. अशी गोष्ट कुठल्याही लेबलवर छापलेली नसते, आणि हा लेख तिच्यापासून वाचवू शकत नाही. तिच्यापासून वाचण्याचा घरच्या हातातला उपाय म्हणजे गरज नसलेली बाटली घरात न आणणं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत, असं त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितलं. दुकानात येऊन "बाळाला खोकला आहे, काहीतरी द्या" म्हणणाऱ्याला मी हेच सांगते.

## टप्पा 7: प्रत्येक नव्या बाटलीला पुन्हा

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी बाळाला तपासलं, रक्तातली साखर आणि औषधाची पातळी बघितली, अरविंदासव आणि ग्राइप वॉटर बंद केलं, आणि फिनोबार्बिटोन अल्कोहोल नसलेल्या बनावटीत लिहून दिलं. डोस तोच, 12 मिलिग्रॅम. आजींना वाईट वाटलं होतं. "माझ्या चारही मुलांना दिलं हो," त्या म्हणाल्या. त्यांची मुलं पूर्ण दिवसांची होती आणि त्यांना झटक्यांचं औषध चालू नव्हतं. एवढाच फरक आहे, आणि तो मोठा आहे.

महिन्याभराने सून दुसरी बाटली घ्यायला आली. आमच्याकडे तीच बनावट संपली होती, दुसऱ्या कंपनीची होती. तिने खोकं हातात घेतलं, उलटं केलं, फोटो काढून मोठा केला आणि मला दाखवलं: अल्कोहोल 12 टक्के. औषधाचं नाव तेच, 5 मिलीला मिलिग्रॅमही तेच. ती बाटली आम्ही परत कपाटात ठेवली आणि दवा बाजारातून दुसऱ्या दिवशी पहिली मागवली. घरात तोवर दोन दिवसांचं औषध शिल्लक होतं, कारण ती बाटली संपायची वाट न बघता आली होती.